गुरुवारची रात्र दर आठवड्याला का लांबते? घरगुती फराळाच्या उद्योगासाठी आठवड्याची घडी

समस्या अशी होती. मी गोव्यातल्या अस्नोड्यात राहते आणि घरीच चकली, बेसनाचे लाडू आणि चण्याच्या डाळीचा दोस हा गोड पदार्थ तयार करून विकते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसते आणि म्हापशातल्याच चार दुकानांना माल देते. मदतीला मंगळवारी आणि गुरुवारी एक शेजारीण येते, बाकी सारे मी एकटी पाहते. गेली अडीच वर्षे हा क्रम चालू असूनही प्रत्येक गुरुवारी रात्री अकरा-साडेअकरापर्यंत चूल आणि सीलर बंद होत नसे. बिले आणि पावत्या एका कापडी पिशवीत साठत राहत आणि महिनाअखेरीस त्या पिशवीकडे बघण्याचेही धैर्य होत नसे.

ही केवळ दमणुकीची बाब असती, तर मी हे लिहिले नसते. एका गुरुवारी संध्याकाळी उशिरा तळलेली चकली अकराच्या सुमारास पाकिटांत भरून सील केली. वरून गार लागत होती, परंतु वेढ्यांच्या आत ऊब शिल्लक होती. शुक्रवारी सकाळी बाजारात पाकिटे मांडली तेव्हा प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक दव दिसले आणि दुपारपर्यंत ती चकली वाकवली तर मोडण्याऐवजी लवू लागली. बावीस पाकिटे परत आणावी लागली. वेळेची घडी चुकली की तिचा परिणाम थेट मालावर होतो, हे त्या दिवशी पाहिल्यावर मी कारण शोधायला बसले.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

माझा पहिला अंदाज असा होता की तास कमी पडतात. त्यावर मी पहाटे एक तास लवकर उठून पाहिले. तीन आठवडे हे केले, तरी गुरुवारची रात्र होती तिथेच राहिली, कारण वाढलेल्या तासात मी आणखी एक लहान घाणा काढू लागले होते. म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एक वही टांगली आणि दोन आठवडे प्रत्येक काम सुरू झाल्याची व संपल्याची वेळ लिहिली. वेळ कामाच्या आधी आणि कामानंतर लगेच लिहायची, आठवून लिहायची नाही, एवढे पथ्य पाळले. आठवणीतून लिहिलेल्या नोंदीत भांडी घासण्याची वेळ कधीच येत नाही.

घर, मुलांची शाळा आणि सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळून माझ्याकडे आठवड्याला खरेतर 32 तास असतात. वहीप्रमाणे खर्च होत होते 41. त्यांपैकी पदार्थ बनवणे व भरणे यांना 15 तास लागत होते आणि बाजाराला 7. खरेदी व दुकानांच्या फेऱ्यांत 6 तास जात होते, आणि कागदपत्रांत तुकड्यातुकड्याने 4. उरलेले 9 तास निव्वळ मांडामांड, तेल गाळणे, कढया घासणे आणि ओटा धुणे यांत जात होते. हे 9 तास मला कुठेच दिसत नव्हते, कारण ते प्रत्येक घाण्याच्या मागेपुढे विखुरलेले होते.

खरे कारण: लहान घाणे आणि ऑर्डरींसाठी उघडा दरवाजा

चकलीचे उदाहरण घेऊ. चकलीसाठी पीठ मळण्याची परात, सोऱ्या, कढई, झारे आणि तेल निथळण्याच्या जाळ्या काढून मांडणे आणि शेवटी सारे घासून जागेवर ठेवणे यांस 1 तास 10 मिनिटे लागतात. अडीच किलो चकली करायची असो वा साडेसात किलो, ही वेळ जवळपास तेवढीच राहते. तळण्याची वेळ मात्र वजनाप्रमाणे वाढते. माझ्या कढईत एका वेळी दहा चकल्या मावतात, एक कढई सहा मिनिटांची, म्हणजे तासाला साधारण अडीच किलो माल निघतो. पूर्वी मी ऑर्डर येईल तशी आठवड्यातून तीनदा अडीच किलो चकली करत असे. प्रत्येक वेळी 2 तास 10 मिनिटे लागत, म्हणजे एकूण साडेसहा तास. तीच साडेसात किलो चकली एका बैठकीत केली तर तीन तास तळणीचे आणि 1 तास 10 मिनिटे मांडामांडीची, एकूण 4 तास 10 मिनिटे. एका पदार्थावर 2 तास 20 मिनिटे वाचतात, आणि ती सगळी घासण्यापुसण्यातली असतात.

मग मी तीनदा का करत होते, हा पुढचा प्रश्न. उत्तर फोनमध्ये सापडले. ऑर्डर कधीही स्वीकारली जात होती. बुधवारी रात्री साडेनऊला एका दुकानातून निरोप येई, ‘‘वहिनी, उद्या आणखी दहा पाकिटे मिळतील काय?’’ आणि मी होकार देई. त्या दहा पाकिटांसाठी पुन्हा परात, पुन्हा कढई. अडीच किलो चकलीचे पैसे मिळत होते, हे खरे. परंतु त्यांपायी गुरुवारचा दोस मागे सरके, दोस मागे सरकला की भरणे रात्रीवर जाई, आणि रात्री भरलेल्या मालात ऊब राहे. म्हणजे गुरुवारच्या जागरणाचे मूळ बुधवारच्या फोनमध्ये होते.

घडी मागून पुढे बसवणे

आठवड्यातला एकच दिवस माझ्या हातात नाही, तो म्हणजे शुक्रवार. म्हापशाचा बाजार माझ्यासाठी थांबत नाही आणि सकाळी उशीर झाला तर बसण्याची बरी जागाही मिळत नाही. म्हणून सोमवारपासून पुढे मोजण्याऐवजी शुक्रवारपासून मागे मोजत गेले. नियम साधा ठेवला: जो पदार्थ सर्वांत कमी टिकतो तो बाजाराच्या सर्वांत जवळ, जो जास्त टिकतो तो सर्वांत आधी. माझा दोस उन्हाळ्यात आठ दिवस आणि पावसाळ्यात त्याहून कमी टिकतो, म्हणून तो गुरुवारी. लाडू दोन आठवडे सहज राहतात, म्हणून ते बुधवारी. चकली कोरड्या डब्यात तीन आठवडे कुरकुरीत राहते, म्हणून ती मंगळवारी. सोमवारी खरेदी, भाजणी भाजणे आणि गिरणीची फेरी.

याला जोडून ऑर्डरची वेळ बांधून घेतली. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत आलेली ऑर्डर या शुक्रवारी मिळेल, त्यानंतरची पुढच्या शुक्रवारी. हे सांगणे मला सर्वांत जड गेले. चारपैकी एका दुकानदाराने दोन आठवडे तोंड वाकडे केले आणि तिसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या कुणाचा माल ठेवायला सुरुवात केली. तो तोटा मी मान्य केला, कारण वहीत पाहिले तर वेळी-अवेळी येणाऱ्या निरोपांपैकी निम्म्याहून अधिक त्याचेच होते. एका नव्या दुकानाशी बोलताना मात्र पहिल्याच भेटीत सोमवारची वेळ सांगितली आणि तिथे काहीच कुरबुर झाली नाही. जुन्या गिऱ्हाइकाला नवा नियम सांगणे अवघड असते, नव्या गिऱ्हाइकाला तो नियम वाटतच नाही.

दुकानांच्या वेगळ्या फेऱ्याही बंद केल्या. आता माल शुक्रवारीच बरोबर नेते, बाराच्या सुमारास बाजारातला जोर ओसरला की चारही दुकानांत पोचवते, आधीच्या आठवड्याचे पैसे घेते आणि दीड वाजता परतीची बस धरते. मंगळवार आणि गुरुवारच्या बसच्या फेऱ्या वाचल्या.

नव्या घडीचा हिशेब असा बसला: बनवणे व भरणे 14 तास, मांडामांड व सफाई 4, बाजार व दुकाने 7, खरेदी अडीच, कागदपत्रे अडीच. एकूण 30. उरलेले दोन तास बुधवारी दुपारी मुद्दाम रिकामे ठेवले आहेत, त्यांविषयी पुढे लिहिते.

थंड होण्याची वेळ आणि तिचा मोह

लाडवाच्या कामात एक सक्तीची विश्रांती असते. साडेतीन किलो बेसन मी दोन भागांत भाजते, प्रत्येकी सुमारे चाळीस मिनिटे मंद आचेवर, आणि त्या वेळी कढईपासून हलता येत नाही. मात्र भाजून झाल्यावर ते कोमट होईपर्यंत पिठीसाखर घालता येत नाही, कारण गरम बेसनात साखर वितळते, मिश्रण सैल होते आणि लाडू बसतात. ही वाट पाहणे दीड ते दोन तासांचे असते. सुरुवातीला मला वाटले की कागदपत्रांचा प्रश्न इथेच सुटला, आणि मी परातीशेजारी हिशेबाची वही उघडून बसले.

त्यात चूक झाली. दर पाच मिनिटांनी बेसनात हात घालून ऊब पाहायची आणि मध्ये आकडे मांडायचे, अशा बैठकीत एका दुकानाची 560 रुपयांची उधारी मी 650 लिहिली आणि पुढच्या शुक्रवारी त्या दुकानदारासमोर खजील झाले. त्यानंतर ठरवले की या वेळेत फक्त तेच काम करायचे, जे मध्येच सोडले तरी बिघडत नाही. मंगळवारची चकली तोपर्यंत पूर्ण गार होऊन डब्यात असते. ती वजन करून पाकिटांत भरणे, सील करणे आणि लेबलावर तारखा व घाण्याचा क्रमांक मारणे ही कामे या दोन तासांत होतात. अडीचशे ग्रॅमची तीस पाकिटे पाऊण तासात भरून होतात. पैसे मोजणे या वेळेत करायचे नाही.

लेबलाविषयी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिचा वेळेशी संबंध आहे. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, घाण्याचा क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, आपला पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक असावा लागतो. यांतील तारखा आणि घाण्याचा क्रमांक सोडले तर काहीच आठवड्याला बदलत नाही. न बदलणारा भाग मी तीन महिन्यांचा एकदम छापून घेते. पूर्वी दर गुरुवारी वीस-वीस लेबले छापत असे, आणि छपाईयंत्राची शाई नेमकी त्याच रात्री संपत असे.

कागदपत्रांना शनिवार सकाळ

कागदपत्रे उरलेल्या वेळात करायची, असे म्हटले की ती होत नाहीत, कारण वेळ उरत नाही. मी त्यांचे दोन भाग केले. रोज काम संपल्यावर दहा मिनिटे, आणि शनिवारी सकाळी नऊ ते साडेदहा दीड तास.

रोजच्या दहा मिनिटांत विचार करायचा नाही, फक्त टिपायचे आणि साठवायचे. घाण्याच्या वहीत दोन ओळी लिहायच्या: तारीख, घाण्याचा क्रमांक, किती पीठ घेतले, किती माल निघाला, तेल नवे की जुने. त्या दिवसाच्या पावत्या त्या आठवड्याच्या एका लिफाफ्यात टाकायच्या, त्यात किराण्याच्या बिलापासून बाजारात बसण्यासाठी भरावयाच्या सोपो कराच्या पावतीपर्यंत सगळे आले. ज्या खर्चाला पावती मिळत नाही, उदाहरणार्थ गिरणीचे पैसे, त्याची चिठ्ठी स्वतः लिहून टाकायची.

शनिवारच निवडण्याचे कारण आठवण. शुक्रवारच्या बाजाराची आठवण शनिवारी ताजी असते, सोमवारपर्यंत ती निम्मी उरते. गेल्या महिन्यातला एक शनिवार मांडून दाखवते. बाजारात 18 चकली, 20 लाडू आणि 24 दोस अशी पाकिटे नेली होती. परत आली अनुक्रमे 2, 3 आणि 9. म्हणजे चकलीची 16 पाकिटे प्रत्येकी 110 रुपयांना, 1,760 रुपये. लाडवाची 17 पाकिटे 180 रुपयांना, 3,060 रुपये. दोसाची 15 पाकिटे 120 रुपयांना, 1,800 रुपये. एकूण 6,620 रुपये यायला हवे होते. सुट्या पैशांची थैली वगळून रोख निघाली 3,750 आणि फोनवरून आलेले 2,690, म्हणजे 6,440. कमी पडले 180 रुपये, नेमकी एका लाडवाच्या पाकिटाची किंमत. दोन मिनिटे विचार केला तेव्हा आठवले की शेजारी फुले विकायला बसणाऱ्या मावशींनी एक पाकीट नेले होते आणि पैसे पुढच्या शुक्रवारी देते म्हणाल्या होत्या. उधारीच्या वहीत नोंद केली आणि हिशेब जुळला. हेच मी महिनाअखेरीस केले असते, तर चार शुक्रवारांची मिळून काही रक्कम कमी दिसली असती आणि ती कुठे गेली हे कुणीच सांगू शकले नसते.

याच मोजणीतून उत्पादनाचा आकडाही मिळतो. दोसाची 9 पाकिटे परत येण्याचा तो सलग तिसरा शुक्रवार होता, म्हणून पुढच्या आठवड्यापासून बाजारासाठी 24 ऐवजी 16 पाकिटे नेऊ लागले. एकाच आठवड्याच्या आकड्यावरून मी घाणा बदलत नाही, कारण पावसाची एक जोरदार सर आली तरी बाजार बदलतो. तीन आठवडे एकच गोष्ट दिसली तर बदलते.

शनिवारी काम संपल्यावर रोख बँकेत भरता येते, मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्या आठवड्यात तो भाग सोमवारच्या खरेदीच्या फेरीत टाकावा लागतो.

माझी उलाढाल वस्तूंच्या विक्रीसाठी असलेल्या 40 लाखांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्याने मला जीएसटीची नोंदणी लागत नाही. ज्यांनी नोंदणी करून उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांना दर तिमाहीनंतर CMP-08 हा कराचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याची मुदत 18 एप्रिल, 18 जुलै, 18 ऑक्टोबर आणि 18 जानेवारी अशी असते. त्यांना माझी सूचना अशी की त्या महिन्यांचा पहिलाच शनिवार यासाठी राखावा. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते, त्या वर्षी 18 तारखेच्या सुमारास फराळवाल्याला बसायलाही वेळ नसतो.

घडी कुठे मोडते

घाणा मोठा करण्याला मर्यादा आहे. साडेसात किलोच्या पुढे मी गेले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. शेवटच्या कढयांचा रंग गडद येऊ लागला, कारण तेल थकले होते. आणि मळलेले पीठ थांबून कोरडे पडल्याने सोऱ्यातून चकली तुटत होती. दुसऱ्यावर उपाय आहे, पीठ एकदम न मळता दोन-दोन किलोचे मळावे. पहिल्यावर तेल बदलण्यावाचून उपाय नाही, आणि तेल बदलले की वाचलेल्या वेळेचे पैसे तेलात जातात. आपला घाणा किती असावा हे शेवटच्या कढईच्या रंगावरून ठरवावे.

पावसाळ्यात वीज जाते आणि सीलर चालत नाही. बुधवार दुपारचे दोन तास रिकामे ठेवले आहेत ते यासाठी. सकाळी वीज नसेल तर भरण्याचे काम दुपारी सरकते, गुरुवारवर जात नाही. वीज असली तर त्या वेळेत मी नवे काम घेत नाही. एकदा घेतले होते, आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांना दवाखान्यात न्यावे लागल्यावर मधली जागाच उरली नाही.

चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे ही घडी चालत नाही आणि ती चालवण्याचा प्रयत्नही मी सोडला आहे. त्या काळात दोस पूर्ण बंद, नवे दुकान नाही, फक्त नेवऱ्या, लाडू आणि चकली, आणि ऑर्डर चतुर्थीच्या आठ दिवस आधी बंद. कागदपत्रांतले शनिवारचे दीड तास जातात, परंतु रोजची दहा मिनिटे आणि लिफाफा टिकवते. दोन आठवड्यांचे लिफाफे चतुर्थीनंतर एका बैठकीत उरकतात. तिसरा आठवडा साचला की पुन्हा पिशवीच होते, हे दोन वर्षे पाहिले आहे.

घडी बिघडू लागली आहे हे ओळखायला मी गुरुवारी सीलर बंद केल्याची वेळ घाण्याच्या वहीत लिहिते. हल्ली ती पाच-सव्वापाच असते. सलग दोन गुरुवार साडेसहाच्या पुढे गेले, तर सर्वांत आधी फोनमधल्या ऑर्डरी उघडते आणि सोमवारी सहानंतरची कोणती ऑर्डर मी घेतली ते शोधते. गेल्या पावसाळ्यात असे झाले तेव्हा तीन सापडल्या. त्यांतील दोन माझ्या नणंदेच्या होत्या. तिलाही आता सोमवार संध्याकाळची वेळ सांगितली आहे.